व्हीपीएफ आणि हातात येणारा पगार

"व्हीपीएफ वाढवला की टॅक्स कमी होतो, त्यामुळे हातातल्या पगारात फारसा फरक पडत नाही ना?"

पडतो, आणि नवीन करप्रणालीत असाल तर पूर्णच पडतो. व्हीपीएफ म्हणजे पीएफच्या नेहमीच्या कपातीवर आपण स्वतःहून भरतो ती जादा रक्कम. माझं कुपवाड एमआयडीसीतलं उदाहरण सांगतो. महिन्याचा एकूण पगार ८०,०००, त्यात बेसिक ४०,०००. त्याचे १२ टक्के, म्हणजे ४,८०० पीएफला जातात. गेल्या एप्रिलमध्ये मी ७,७०० रुपयांचा व्हीपीएफ लावला, कारण दोन्ही मिळून वर्षाचे बरोबर दीड लाख होतात आणि ८०सीची मर्यादा भरते. पण मी नवीन प्रणालीत, त्यामुळे पहिली स्लिप हातात आली तेव्हा पगार थेट ७,७०० नं कमी! कंपनीचा वाटा मात्र तेवढाच राहिला, कारण व्हीपीएफवर कंपनी काही घालत नाही.

८०सीची वजावट फक्त जुन्या प्रणालीत मिळते. तिथे २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये महिन्याला साधारण १,६०० रुपये कर वाचला असता, म्हणजे पगार ६,१०० नंच घटला असता. पण म्हणून जुनीकडे वळू नका. २०२५-२६ च्या दरांनी माझ्या पगाराला नवीन प्रणालीत कर शून्य आहे, आणि जुनीत दीड लाख वजा करूनही, घरभाडं-गृहकर्ज काही नसेल तर, ६६ हजारांच्या आसपास कर बसतो.

तरी मी व्हीपीएफ बंद केला नाही, तो व्याजासाठी. स्वतःचा भरणा वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर त्यावरचं व्याज दोन्ही प्रणालींत करमुक्त आहे. फक्त लावण्याआधी पगारखात्यात विचारा, आमच्याकडे रक्कम एप्रिलमध्येच बदलता येते, मधे घरखर्च वाढला तरी थांबवता येत नाही.