अनुभव धागा: परदेशातली खरेदी, टॅक्स रिफंड आणि कस्टमचा शिक्का

विजापूररोड: माझी नणंद ग्रुप टूरने युरोपला निघाली आहे. खरेदी पॅरिसमध्ये, परतीचं विमान फ्रँकफर्टहून मुंबईला. रिफंड नक्की कुठे आणि कधी मागायचा? घेतलेल्यांनी अनुभव लिहा.

शेंगाचटणी: पॅरिसमध्ये रिफंडचं मशीन असतं. फॉर्म स्कॅन केला की झालं, माणसाशी बोलायलाही लागत नाही.

होटगीरोडकर: ते पॅरिसहून थेट भारतात येणाऱ्यांसाठी. तुमच्या नणंदबाई युरोपियन युनियन सोडणार फ्रँकफर्टहून, म्हणजे फ्रान्सच्या फॉर्मवर शिक्का जर्मन कस्टमचा लागेल. आम्ही मिसेससाठी सहाशे युरोचं घड्याळ घेतलं होतं. फ्रान्सचा व्हॅट २० टक्के, तो किमतीतच धरलेला, म्हणजे त्यात शंभर युरो टॅक्स. रिफंड देणाऱ्या कंपनीने कमिशन कापून हातात दिले बहात्तर. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागावा लागतो, नुसती पावती चालत नाही.

आता बॅगेचं. चेक-इनच्या काउंटरवर आधीच सांगा की यात कस्टमला दाखवायचा माल आहे. ते वजन करून टॅग लावतात आणि बॅग तुमच्याकडेच परत देतात. ती ओढत कस्टमच्या खिडकीवर न्यायची. तिथल्या बाईंनी घड्याळ बाहेर काढायला लावलं, लेबल तसंच आहे का पाहिलं, शिक्का मारला आणि बॅग तिथूनच पट्ट्यावर गेली. आमच्या ग्रुपमधल्या एकांची बॅग आधीच पट्ट्यावर गेली होती. दाखवायला माल नाही, त्यामुळे शिक्काही नाही! घड्याळासारखी छोटी वस्तू केबिन बॅगेतच ठेवलेली बरी. तिचा शिक्का पासपोर्ट कंट्रोलनंतर मिळतो.

सातरस्ता: माझा मुलगा स्टुटगार्टला नोकरी करतो. त्याच्या नावावर घेतलं तर?

होटगीरोडकर: तो तिथला रहिवासी, त्याला मिळणार नाही. फॉर्म भारतात राहणाऱ्याच्याच नावावर हवा.

मंगळवारबाजार: लंडनलाही असंच असतं ना? मी २०१८ मध्ये घेतला होता.

होटगीरोडकर: २०२१ पासून लंडनला बंद. आणि स्वित्झर्लंडचं खातं वेगळं, ते युनियनमध्ये नाही. तिथल्या फॉर्मवर शिक्का स्विस सीमा सोडतानाच घ्यायचा. टूरची बस तिथे थांबेल की नाही, हे मॅनेजरला आधी विचारा.

शेंगाचटणी: पण फ्रँकफर्टला रांग किती असते? आमच्या टूरवाल्याने विमानतळावर दोन तास आधी पोचवलं होतं, त्यात कुठलं कस्टम आणि कुठलं काय.

विजापूररोड: हिचंही तेच होणार बहुतेक. वीस जणांचा ग्रुप, बॅगा सगळ्यांच्या एकत्र टाकतात. एकटीची बॅग बाजूला काढून देतील का, कोणी करून घेतलंय?