पहिल्या नातवंडाचं अभिनंदन: आजी-आजोबांना तुम्ही काय लिहिलंत?

धागाकर्ती, पुणे
शेजारच्या काकांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मंगळवारी पहाटे तिला मुलगी झाली. सकाळी सातला काका दुधाची पिशवी हातात घेऊन आमच्या दारात उभे. "आजोबा झालो," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत परत गेले. पिशवी आमच्याच उंबऱ्यावर राहिली.

काकू आलेली पत्रं जपून ठेवतात, म्हणून मला हाताने लिहून द्यायचंय. पहिला मसुदा असा झालाय: "आपणा उभयतांना कन्यारत्न प्राप्त झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. पहिली बेटी धनाची पेटी!" काहीतरी खटकतंय. तुम्ही अशा वेळी काय लिहिलंत, किंवा तुम्हाला कुणी लिहिलेलं काय लक्षात राहिलं?

सातारा
चाळीस वर्षं शाळेत पत्रलेखन शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कन्यारत्न झालं ते ताईला. काका-काकूंना झाली ती नात. तुमच्या वाक्यावरून काकूंनाच मुलगी झाल्यासारखं वाटतं. "धनाची पेटी" मनापासून म्हटलं तरी ऐकणाऱ्याला समजूत काढल्यासारखं लागतं, कारण मुलगा झाला की असं काही म्हणावं लागत नाही. तेही काढा.

सुरुवात "बाळ-बाळंतीण सुखरूप" याने करा. आजीचा जीव आधी स्वतःच्या लेकीत अडकलेला असतो, नातीचा आनंद त्यानंतर. आई-वडिलांना "तीर्थरूप" लिहितात, इतर वडीलधाऱ्यांना "तीर्थस्वरूप". तुम्ही वयाने लहान, तेव्हा त्यांना नमस्कार आणि आशीर्वाद फक्त बाळाला.

नागपूर
पण बारशाच्या आधी अभिनंदन करतच नाहीत ना? दहा दिवस सोयर असतं. आमच्याकडे बाराव्या दिवसापर्यंत कुणी काही पाठवत नाही.

सातारा
सोयर देवपूजेला आणि शुभकार्याला. आनंद कळवायला अडचण असल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. पेढे-जिलेबी पहिल्याच दिवशी वाटतात की! पण घरोघरी रीत वेगळी. काकूंना पाळायचं असेल तर थांबावं.

कोल्हापूर
बाळंतविडा द्या हो! झबली, टोपडी, मऊ सुती दुपटी, बाळंतिणीसाठी अळीव, डिंक, खारीक. झबली धुतलेल्या जुन्या सुती साडीची शिवलीत तर फारच छान, नवं कापड बाळाला टोचतं. मी माझ्या भाचीसाठी सहा शिवली होती, बंद पाठीवर, गाठ अंगाखाली येणार नाही अशी बाजूला घेतलेली.

ठाणे
माझा अनुभव वेगळा आहे. माझं बाळ 34व्या आठवड्यात झालं आणि अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं. कुणीतरी नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि सासूबाईंच्या फोनवर अभिनंदनाचा पाऊस पडला. "पेढे कधी?" याला काय उत्तर द्यायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी फोन पालथा घालून ठेवला. त्यांच्या एका मैत्रिणीने मात्र लिहिलं होतं, "बाळ कसं आहे? मी सहाला डबा घेऊन येते, वर येणार नाही, खाली देऊन जाईन." बाळ घरी आलं त्या दिवशी तिनेच अभिनंदनाचं लांबलचक पत्र पाठवलं. सासूबाई अजून ते काढून वाचतात. म्हणून मी आता आधी बाळाची चौकशी करते, मग अभिनंदन.

डोंबिवली
दुसऱ्या आजी-आजोबांनाही लिहा! पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सगळा गोतावळा तिकडेच लोटतो. माझ्या बहिणीच्या सासूबाई गावी. त्यांना बातमी फोनवर कळली, बाळ बारशाला दिसलं. आमच्या आईने त्यांना स्वतः लिहिलं, "विहीणबाई, नातू तुमचाही आहे, नाव तुम्ही सुचवा." बारशाला त्या आईच्या गळ्यात पडून रडल्या. ठेवलेलं नावही त्यांचंच. तुमच्या ताईचे सासू-सासरे कुठे असतात?

धागाकर्ती, पुणे
ते जळगावला. ओळख फक्त लग्नातली, त्यामुळे मी परस्पर लिहावं की काकूंकडून निरोप द्यावा, हे ठरत नाहीये. काकूंचं पत्र मात्र झालं:

"तीर्थस्वरूप काका आणि काकूंस,
सादर नमस्कार. मंगळवारी पहाटे ताईला मुलगी झाली आणि बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, हे कळल्यापासून आमच्या घरातही सणासारखं वाटतंय. आजी-आजोबा झाल्याबद्दल तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. ताई सायकल शिकत होती तेव्हा काका सीट धरून मागे धावायचे आणि काकू गच्चीवरून ओरडायच्या, 'सोडू नका हो!' आता तीच हाक नातीसाठी ऐकायची आहे. दुधावरची साय तुम्हाला पोटभर लाभो. छोटीला उदंड आयुष्य आणि आमचे सगळ्यांचे आशीर्वाद."

दुपारी देऊन आले. काकूंनी उभ्यानेच वाचलं. सायकलच्या ओळीपाशी थांबल्या आणि आत हाक मारली, "अहो, हिला आठवतंय बघा." काका आले, त्यांनी चष्मा शोधला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून मोठ्याने वाचलं, आतल्या खोलीत ताईला ऐकू जाईल असं.