चष्मा, लायसन्स आणि 25 मीटरवरची नंबरप्लेट: आपले अनुभव लिहावेत

मंजिरी, अंबाजोगाई
काल भावाचा लायसन्सचा अर्ज भरताना नमुना 1 या प्रकृतीच्या घोषणापत्रातला तो प्रश्न समोर आला आणि वडिलांच्या लायसन्सचे नूतनीकरण आठवले. चांगल्या उजेडात, चष्मा असल्यास तो लावून, 25 मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का, असे तिथे विचारलेले असते. दोन्ही डोळे उघडे असताना वडील ती सहज वाचत, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. चाळिशीनंतर लागणाऱ्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी गेलो, तेव्हा डॉक्टरांनी उजवा डोळा झाकायला लावला आणि आठ दिवसांपूर्वीचा नवा चष्मा असूनही डाव्या डोळ्याला आकडे दुहेरी दिसू लागले. वडिलांनी नकळत चष्म्याची एक बाजू वर उचलली, तसे ते बरेच जुळून आले. ते पाहून डॉक्टरांनी काच तपासून घ्यायला सांगितले. चिठ्ठीवर डाव्या डोळ्याचा सिलिंडर, म्हणजे तिरकस नंबर, 1.50 आणि तो ज्या कोनात बसवायचा तो अक्ष 160 होता. काचेचा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर तो अक्ष 130 निघाला.

दत्ताभाऊ, परभणी
सहाच्या वर नंबर असेल तर लायसन्स मिळत नाही, असे मला सांगण्यात आले होते.

शेख काका, लातूर
भाऊ, चष्मा लावून दिसणे महत्त्वाचे असते. केवळ नंबर मोठा म्हणून अर्ज अडू नये. मी बावीस वर्षे चष्मे बनवतो. मंजिरीताई, अक्ष तीस अंश चुकला की सिलिंडर असून नसल्यासारखा होतो आणि दहा अंशांच्या चुकीनेही सुमारे एक तृतीयांश दोष शिल्लक राहतो. गोल फ्रेमचा स्क्रू ढिला झाला तर बरोबर बसवलेली काचसुद्धा हळूहळू फिरते, म्हणून सिलिंडर असणाऱ्यांना मी गोल फ्रेम शक्यतो देत नाही.

सुनंदा, जालना
माझ्या पुतण्याला लाल आणि हिरव्यात थोडा गोंधळ होतो. त्यासाठी चष्मा मिळतो का?

मंजिरी, अंबाजोगाई
सुनंदाताई, तो दोष नंबराच्या चष्म्याने जात नाही. मात्र 2020 च्या बदलानंतर सौम्य आणि मध्यम रंगदोष असणाऱ्यांनाही लायसन्स मिळू शकते. तीव्र दोषाला ती सवलत नाही. पुतण्याचा दोष कोणत्या प्रतीचा आहे, हे नेत्रतज्ज्ञांकडून लिहून घ्यावे.

विठ्ठल, उदगीर
मी शेताच्या बांधावर टेपने 25 मीटर मोजले, ट्रॅक्टर सोडून भावाची मोटार उभी केली आणि एकेक डोळा तळहाताने झाकून पाहिले. उजव्याने प्लेट वाचता आली, डाव्याने नाही. काच दोनदा तपासली, ती चिठ्ठीप्रमाणेच आहे.

शेख काका, लातूर
मग जाड कागदाला सुईने बारीक छिद्र पाडून, चष्मा लावूनच डाव्या डोळ्याने त्यातून पाहावे. आकडे स्पष्ट झाले तर नंबरच पुन्हा काढावा लागेल. तसेच अंधुक राहिले तर दुकानात येऊ नये, नेत्रतज्ज्ञांकडे जावे, कारण मोतीबिंदू किंवा पडद्याचा दोष असू शकतो.

विठ्ठल, उदगीर
आत्ताच पाहिले काका, काहीच फरक पडला नाही. सोमवारी दवाखान्यात जातो. तोवर मोटार भाऊच चालवेल.