विषय: आईच्या आधारवर १ जून आणि काठमांडूचं विमान

स्नेहल:
नमस्कार मंडळी. सेलूचे आई-बाबा गावच्या वीस जणांसोबत पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघालेत. दिल्लीहून काठमांडूला विमान. टूरवाल्याने सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स घेतल्या, म्हणाला, "नेपाळला व्हिसा नाही, आधारवर काम होतं." आम्ही दोघं अमेरिकन पासपोर्टवर तिथेच भेटणार. काही राहिलंय का?

प्रमोद:
अगं, नेपाळ म्हणजे घरचंच! माझी आत्या गोरखपूरहून बसने सोनौलीतून गेली, कुणी कार्डसुद्धा पाहिलं नाही. बिनधास्त जाऊ दे.

अनंतकाका:
प्रमोद, नाक्यावर सुटलं म्हणजे विमानात सुटतं असं नाही. व्हिसा नाही हे खरं, पण विमानाला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड लागतं. आधार फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ च्या वरच्यांना चालतं. मधल्यांना नाही. दोघांची वयं कळव, खरी नव्हे, आधारवरची.

स्नेहल:
बाबा ७३. आई खरी ६७ ची, पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून १९६२ लिहून टाकलं, तेच आधारवर. म्हणजे कागदावर ६४!

अनंतकाका:
अर्ध्या मराठवाड्याचा वाढदिवस १ जूनच! बाबा आधारवर जातील, आई अडकेल. जन्मतारीख बदलायच्या मागे लागू नका, पुरावा त्याच शाळेचा निघेल. मूळ मतदार कार्ड शोधा, झेरॉक्स नको, आणि त्यावरचं नाव तिकिटाशी ताडून बघा. एक सवलतही आहे: कुटुंब एकत्र असेल आणि एकाकडे पक्का कागद असेल, तर बाकीच्यांना नातं दाखवणारं रेशन कार्डसारखं फोटोचं ओळखपत्र चालतं. पण काउंटरवरचा माणूस ते मानेलच यावर मी तिकीट लावणार नाही.

तुमचं वेगळं. काठमांडूत उतरल्यावर व्हिसा मिळतो, १५ दिवसांचे ३० डॉलर. मुक्तिनाथसाठी अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना आईबाबांना १००० नेपाळी रुपये, तुम्हाला ३०००. टूरवाला सगळ्यांना भारतीय धरून पैसे भरेल, त्याला आधीच सांगा. आणि परत सेलूला यायचं असेल तर ओसीआय कार्ड विसरू नका.

विद्याताई:
अनंतराव, मीही ओसीआयवर. मग सरकारी कैलास-मानसरोवरात माझं नाव लागेल का? गुडघे ठीक आहेत.

अनंतकाका:
नाही ताई. त्याला भारतीय पासपोर्टच लागतो, आणि वय ७० पर्यंतच. गुडघ्यांचा प्रश्न नंतरचा.

प्रमोद:
बरं, बसनेच नेलं तर?

स्नेहल:
बाबांची पाठ तेवढी बसत नाही.
मतदार कार्ड सापडलं, लोखंडी पेटीत साड्यांच्या तळाशी. पण त्यावर "सुमनबाई", तिकिटावर नुसतं "सुमन". टूरवाला म्हणतो, "बाई लागलं तर काय होतंय!" मी त्याला विमान कंपनीकडून लेखी आणायला सांगितलंय. तीन दिवस झाले, उत्तर नाही.