तोंडाचे कोपरे फाटणं: तुमच्याकडे कारण काय निघालं?

साखळीची_सून: काल डिचोलीच्या बाजारात एक आजी तिसऱ्यांचे वाटे लावून बसलेल्या, बोलताना सारखा पदराने ओठाचा कोपरा टिपत होत्या. एकदम सासूबाई आठवल्या. दोन्ही कोपरे चिरलेले, पांढरट, ओलसर, जांभई आली की रक्त. सोलकढी बंद, लोणचं बंद, पेजसुद्धा गार करून. बी कॉम्प्लेक्स घेतलं की जरा बरं वाटायचं आणि परत तेच. शेवटी कवळी सैल झाली म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी कवळी काढायला लावून टाळू बघितला तर लालभडक, बरोब्बर कवळीच्या आकाराचा. म्हणाले बुरशीचं घर इथे आहे, ओठावर फक्त दिसतेय. तुमचे अनुभव लिहा.

फोंडेकर७१: उष्णता. दुसरं काही नाही. कोकम सरबत द्या.

मये_टू_म्हापसा: काका, चिरलेल्या ओठाला कोकम लावून बघा तुम्ही एकदा 😂

नवी_आई_पेडणे: मलाही सारखं तोंड येतं, जिभेवर आणि गालाच्या आत, लग्नकार्यात हमखास. जाईचा पाला चघळते.

मये_टू_म्हापसा: ताई ते वेगळं, इथे बाहेरच्या कोपऱ्याचं चाललंय.

फोंडेकर७१: बरं उष्णता नको, पण शाळेत शिकलोय आम्ही, रायबोफ्लेविन कमी झालं की ओठाचे कोपरे फाटतात. दूध-अंडी खा, संपलं.

दातवाली_बाय: काका शिकलात ते खरंय, पण कवळीवाल्या म्हाताऱ्या माणसांत आधी तोंडात बघायचं. दवाखान्यात आयुष्य गेलं माझं हेच बघण्यात. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, जुन्या कवळीचे दातही झिजतात, मग तोंड मिटलं की हनुवटी नाकाकडे सरकते आणि ओठाच्या कोपऱ्यात घडी पडते. त्या घडीत लाळ साचून कातडी भिजत राहते आणि तिथे कॅन्डिडा बुरशी वाढते, बऱ्याचदा जोडीला स्टॅफ जंतू पण. पिवळसर मधासारखी खपली धरत असेल तर जंतूंचा संशय जास्त. नुसतं ओठाला क्रीम लावून कवळी तशीच घातली तर टाळूवरची बुरशी परत तिथे येतेच. साखळीच्या ताई, रात्री कवळी काढायच्या का त्या?

साखळीची_सून: कुठलं! पाहुणे आले तर म्हणून झोपतानाही तोंडात. मग रात्री काढून साबणाने ब्रश करून भिजत ठेवायला लागलो. क्लोट्रिमाझोलचं क्रीम कोपऱ्यांना दिवसातून दोनतीनदा, बरं दिसायला लागल्यावरही थोडे दिवस चालू ठेवायला सांगितलेलं. त्याआधी मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलेली, लाली लगेच गेली आणि मग दुप्पट झालं.

दातवाली_बाय: त्यात स्टिरॉइड असणार. सूज उतरते, बुरशीचं फावतं. आणि कवळीला धातूची पट्टी किंवा हूक असेल तर ब्लीचच्या पाण्यात भिजवू नका, धातू खराब होतो. क्लोरहेक्सिडिन चालतं.

सत्तरीचा_बाबू: आमचा कुत्रा आजोबांची कवळी पळवून माडाच्या अळ्यात पुरून आलेला, तिला कशात भिजवायची

मये_टू_म्हापसा: 🤣🤣 फेणीत

वाळपई_वारा: बाबांचं सांगतो, लक्ष ठेवा. हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू. तोंडातल्या बुरशीला मायकोनाझोलचं जेल मिळालं, देणाऱ्याने बाकीच्या गोळ्या विचारल्याच नाहीत. थोड्या दिवसांनी ब्रश करताना हिरड्यांतून रक्त थांबेना, रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर बघितला तर भलताच वर. ते जेल तोंडात लावलं तरी वॉरफरिनचा जोर वाढवतं म्हणे. मग निस्टॅटिन दिलं.

दातवाली_बाय: बरोबर. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगायचं, क्रीम असो की जेल.

साखळीची_सून: बापरे. आमच्याकडे शुगर होती, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं. जीभ पण गुळगुळीत झालेली म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, हिमोग्लोबिन ८.९ आणि बी-१२ पण कमी. मेटफॉर्मिनने बी-१२ उतरतं हे तेव्हा कळलं. लोहाच्या गोळ्या, बी-१२ ची इंजेक्शनं आणि क्रीम सगळं एकदमच सुरू केलं, त्यामुळे नक्की कशाने गेलं ते आजपर्यंत कळलं नाही.

फोंडेकर७१: म्हणजे व्हिटॅमिनच निघालं ना!

दातवाली_बाय: अर्धं तुमचं, अर्धं माझं. पण काका, कमी निघालं ते बी-१२, तुमचं रायबोफ्लेविन नव्हे. आणि ताई, नवीन कवळी केलीत का? घडी तशीच राहिली तर पावसाळ्यात परत बघाल.

साखळीची_सून: नाही केली. खर्च, आणि त्या म्हणायच्या आता किती दिवस राहिलेत माझे. मध्ये एकदा उलटलं होतं खरं.

म्हार्दोळ_गर्ल: मला एकाच बाजूला येतं, आधी चुरचुरतं मग बारीक पाण्याचे फोड. हेच का?

दातवाली_बाय: फोड येऊन येत असेल तर नागिणीच्या जातीतला विषाणू वाटतो, हर्पिस. त्याला बुरशीचं क्रीम लागू पडत नाही, दाखवून घे. आणि फोड नसताना एकाच बाजूची चीर औषध लावूनही आठवडेच्या आठवडे भरत नसेल, खाली कडक लागत असेल तर तेही दाखवायचं, विशेषतः तंबाखू खाणाऱ्यांनी.

नवी_आई_पेडणे: देव बरें करूं बाय. माझा धाकटा दिवसभर ओठ चाटतो, त्याचेही कोपरे लाल झालेत, त्याला काय लावू? आत्ता कुकरची शिट्टी झाली, नंतर वाचते

सत्तरीचा_बाबू: कवळी सापडली, धुतली, आजोबा घालूनही बसले. कोणी सांगू नका त्यांना.