मदत हवी आहे: पीडीएफच्या प्रत्येक पानाचा वेगळा फोटो कसा काढायचा? (अर्जंट, आजच टाकायचंय)

खारघरची_चकली
आमच्या फराळाचं कॅटलॉग डीटीपीवाल्याकडून करून घेतलं, १४ पानं, पीडीएफ आहे. आता तेच इन्स्टावर टाकायचंय, तर प्रत्येक पान वेगळा फोटो म्हणून हवं. एका साइटवर चढवून ३०० डीपीआय निवडून काढले तरी इन्स्टावर अक्षरं धुरकट दिसतात आणि वरचं मंडळाचं नाव कापलं जातंय. किती रिझोल्युशन ठेवू? ६०० करू का? प्लीज कोणीतरी लवकर सांगा, कालपासून याच्यातच आहे.

पाचपाखाडी७२
स्क्रीनशॉट काढा की सरळ. मी तेच करतो.

खारघरची_चकली
तेच आधी केलं दादा. १४ वेळा झूम करून १४ वेळा कापायचं आणि प्रत्येकाचा साइज वेगळा येतो. नको.

नेरूळ_सेक्टर१९
६०० करा ताई, बिनधास्त. जितकं जास्त तितकं क्लिअर. आणि पीएनजी काढा, जेपीजी काढू नका, जेपीजीत अक्षरं फाटतात.

ऐरोलीकर
६०० ने काही होणार नाही. इन्स्टा १०८० पिक्सेलपेक्षा रुंद फोटो स्वतःच १०८० वर आणतं. ३०० डीपीआय म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, पण पान किती इंचाचं ते कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. म्हणून आधी सांगा, पानाचा साइज काय? पीडीएफ लॅपटॉपवर आहे की फोनवर? आणि फोटो लॅपटॉपवरून फोनवर कसे नेले?

खारघरची_चकली
विंडोज लॅपटॉप. साइज ए५ बहुतेक, तसंच छापलंय. फोनवर व्हॉट्सअॅपने पाठवले, दुसरं कसं पाठवणार?

ऐरोलीकर
इथेच माती खाल्ली. फोनच्या गॅलरीत त्या फोटोचे डिटेल्स उघडून साइज वाचा, आणि लॅपटॉपवरच्या मूळ फोटोचाही.

खारघरची_चकली
लॅपटॉपवर १९८७ × २७१७. फोनवर ११७० × १६००. अरे देवा.

ऐरोलीकर
बघा. व्हॉट्सअॅपने फोटो लहान केला आणि वर चांगलाच दाबला, मग इन्स्टाने परत दाबला. बारीक अक्षराच्या कडेला राखाडी ठिपके येतात ते त्याचेच. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर केबलने न्या.
पण दुसरी गोष्ट मला खटकतेय. ए५ पान ३०० डीपीआयला १७४८ × २४८० यायला हवं, तुमचं त्याहून मोठं आहे. पानांच्या चारही कोपऱ्यांत बारीक काळ्या रेघा आहेत का?

खारघरची_चकली
हो आहेत! मला वाटलं डिझाइन आहे.

ऐरोलीकर
क्रॉप मार्क आहेत ते, कटिंगवाल्यासाठी. तुम्हाला प्रेसची फाइल मिळालीय. डीटीपीवाल्याला 'मार्क नसलेली, स्क्रीनसाठीची' फाइल मागितलीत तर निम्मं काम तिथेच संपेल.

खारघरची_चकली
तो फोन उचलत नाहीये, दिवाळीचं काम आहे म्हणे. पैसे घेताना बरोबर उचलत होता.

वाशी_स्टेशन_पूर्व
मला पण सेम प्रॉब्लेम होता, आधार आणि पॅनचे फोटो काढून त्याची एकच पीडीएफ करायची होती, दोन एमबीच्या आत, मी फोनमधल्या स्कॅनरने केली, मस्त झाली.

पाचपाखाडी७२
ते उलटं झालं हो. यांना पीडीएफचे फोटो हवेत.

ऐरोलीकर
मग स्वतःच करू. पॉप्लर नावाचा फुकट टूलसंच आहे, विंडोजसाठी झिप मिळते. उघडा, आतल्या बिन फोल्डरमध्ये तुमची फाइल faral.pdf नावाने ठेवा, त्याच फोल्डरच्या अॅड्रेस बारमध्ये cmd टाइप करून एंटर दाबा. आधी हे:

```
pdfinfo faral.pdf
```

Page size ची ओळ इथे टाका.

खारघरची_चकली
not recognized as an internal or external command येतंय 😡

ऐरोलीकर
वेगळ्याच फोल्डरमध्ये उघडलंत. जिथे pdfinfo.exe दिसतंय तिथूनच cmd उघडा.

खारघरची_चकली
आलं. Page size: 477 x 652 pts

ऐरोलीकर
७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए५ असतं ४२० × ५९५, म्हणजे चारही बाजूंना साधारण २८ पॉइंट, १० मिलिमीटर जास्तीचे. ते टाळून फक्त आतलं पान घ्यायचं. २०० डीपीआयला १० मिमी म्हणजे ७९ पिक्सेल, आणि ए५ पान ११६५ × १६५४:

```
pdftoppm -png -r 200 -x 79 -y 79 -W 1165 -H 1654 faral.pdf faral
```

faral-01.png पासून faral-14.png पर्यंत फायली तयार होतील. पहिलं पान उघडून कडा बघा, रेघ उरली असेल तर ७९ चा आकडा दोन-चारने वाढवा आणि ११६५, १६५४ त्याच्या दुपटीने कमी करा.

आता वरचं नाव का कापलं जातं ते. ए५ पान उभट आहे, इन्स्टाच्या ४:५ चौकटीत मावत नाही. उंची १३५० ला बसवली की रुंदी ९५१ होते, उरलेली जागा पांढरी भरायची. त्यासाठी इमेजमॅजिक टाकून, आधी फायलींची कॉपी ठेवून (हे मूळ फायलींवरच लिहितं):

```
magick mogrify -resize x1350 -background white -gravity center -extent 1080x1350 faral-*.png
```

नेरूळ_सेक्टर१९
एवढं कमांड-बिमांड कशाला, अॅक्रोबॅट प्रोमध्ये एक्सपोर्टला इमेज असतंच की.

ऐरोलीकर
असतं, पण प्रो विकत घ्यावं लागतं, फुकटच्या रीडरमध्ये नाही. आणि पीएनजीचं म्हणाल तर मीही पीएनजीच काढायला सांगितलंय, पण इन्स्टा शेवटी जेपीजीच करतं, तो आग्रह आपल्या बाजूपुरता.

पाचपाखाडी७२
चकली किलोला कितीला देता ताई? ठाण्यात डिलिव्हरी आहे का?

खारघरची_चकली
झालं!!! १४ च्या १४. नाव कापलं जात नाही, रेघा गेल्या (७९ चं ८२ केलं). केबलने नेले. पण रेटचं पान अजून वाचता येत नाही नीट. आता काय?
(पाचपाखाडी, मेसेज करते.)

ऐरोलीकर
रेटचं पान छापील किती पॉइंटचं आहे?

खारघरची_चकली
आठ असेल. कागदावर छान दिसतं.

ऐरोलीकर
मग याला रिझोल्युशनचं औषध नाही. पान १४८ मिमी रुंद, फोनवर ते साडेपाच-सहा सेंटिमीटरमध्ये बसतंय, म्हणजे आठ पॉइंटचं अक्षर हातात तीन पॉइंटचं होतं. 'क्ष' आणि 'ज्ञ' सोडाच, काना-मात्रा पण चिकटतात. ते एक पान चार तुकड्यांत कापा, प्रत्येक तुकडा वेगळा फोटो. १४ मधलं एक गेलं, चार आले, १७ होतील. एका पोस्टमध्ये आता २० पर्यंत चालतात. फक्त तुकडे ३०० किंवा ४०० डीपीआयने काढलेल्या पानातून करा, या १३५० वाल्यातून नको.

नेरूळ_सेक्टर१९
म्हणजे ६०० चा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता माझा.

ऐरोलीकर
कापायचं असेल तर नव्हता, मान्य.

खारघरची_चकली
करते. अजून एक, लाल रंग पीडीएफमध्ये कुंकवासारखा आहे आणि फोटोत विटकरी आलाय, ते का?

ऐरोलीकर
प्रेसची फाइल आहे ना, रंग बहुतेक सीएमवायकेत असतील. ते आरजीबीत आणताना प्रत्येक प्रोग्राम आपापला हिशेब लावतो. डीटीपीवाल्याने आरजीबीत एक्सपोर्ट करून दिलं तर उत्तम, नाहीतर फोटो एडिटरमध्ये लाल थोडा वर ओढून बघा. खात्रीने नाही सांगू शकत.

वाशी_स्टेशन_पूर्व
पण ते दोन एमबीच्या आत कसं करायचं?