आधी मुख की आधी चरण? रीलच्या पहिल्या तीन सेकंदांवरून जुंपलेली चर्चा

रीलवाला सातारकर
आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराच्या रीलला दोन वेगवेगळ्या ओपनिंग लावून बघितल्या, पुढचा भाग सेम, दोन्हीची लांबी 30 सेकंद. ए मध्ये घंटा वाजते, थेट देवाचा चेहरा आणि वर मोठ्ठं 'थांबा'. बी मध्ये विटेवरच्या चरणांपासून कॅमेरा वर सरकतो, तिसऱ्या सेकंदाला मुख दिसतं, मागे टाळ. दोन्ही ट्रायल रील म्हणून टाकल्या, म्हणजे फॉलोअर सोडून बाहेरचे लोक. ए ला 410 व्ह्यूज, स्किप रेट 38, म्हणजे पहिल्या तीन सेकंदांतच 38 टक्के पुढे सरकले. बी ला 390, स्किप रेट 43. विषय संपला. मंदिरांची पेजेस चालवणाऱ्यांनी ती हळूहळू सरकणारी सिनेमॅटिक नाटकं बंद करा, भाव नंतर, आधी बोट थांबलं पाहिजे.

आकडेवाली ताई
दादा, एवढ्यावर अख्ख्या महाराष्ट्राला सल्ला? ए वरून 156 जण निघून गेले आणि बी वरून 168, एवढ्याचाच खेळ आहे हा. चारशेच्या आसपास व्ह्यूजवर एकच रील दोनदा टाकली तरी तीन-चार टक्के सहज इकडचे तिकडे होतात, कुणी काही न करता. पाच टक्क्यांचा फरक खरा आहे असं छातीठोक म्हणायचं तर प्रत्येकी दीड हजार तरी माणसं हवीत. आणि त्याहून वाईट म्हणजे तुम्ही एका वेळी तीन गोष्टी बदलल्यात. घंटा जिंकली, चेहरा जिंकला की 'थांबा' जिंकलं? तुम्हालाच माहीत नाही आणि आम्हाला सांगताय की कॅमेरा सरकवू नका. दोन्ही एकाच वेळी टाकल्या होत्या का तेही सांगा.

रीलवाला सातारकर
ए आषाढीच्या सकाळी, बी नंतरच्या मंगळवारी रात्री. त्याने काय होतंय, माणसं तीच.

आकडेवाली ताई
अहो आषाढीच्या सकाळी विठ्ठल! त्या दिवशी नुसती वीट दाखवली असती तरी लोक थांबले असते. 🙏

शिर्डी वारी ग्रुप
आमचा अनुभव सांगतो, थंबनेल महत्त्वाचं. बाबांचा केशरी शेल्यातला फोटो कव्हरला लावला आणि पेज उडालं. ओपनिंग वगैरे कोण बघतं.

आकडेवाली ताई
कव्हर प्रोफाइल उघडल्यावर दिसतं हो. रील्स सरकवताना व्हिडिओ सरळ सुरूच होतो, तिथे तुमचं कव्हर कुणाला दिसणार? इथला प्रश्न वेगळा आहे.

पहाटेचा टाळकरी
टायमिंगच सगळं. काकड आरतीच्या वेळेला टाकायचं, त्या वेळी उठलेला माणूस भक्तच असतो, त्याला कसलंही हुक लागत नाही.

आकडेवाली ताई
वेळेने आकडा हलतो हे बरोबर, म्हणून तर दोन्ही एकाच वेळी टाका म्हणतेय. पण भक्त असोत की कुणी, ए आणि बी मधलं चांगलं कुठलं ते त्याने कळत नाही.

देवरुखची काकू
मला तुमचे टक्के कळत नाहीत, पण देवाच्या डोक्यावर 'थांबा' लिहिणारा हा कोण? देव काय नाक्यावरचा ट्रॅफिक पोलीस आहे? आणि ते दुसरे, 'ही रील सोडलीत तर माऊली रुसेल' वाले. आमच्या भजनी मंडळातल्या एका बाईने रात्री घाबरून तसला व्हिडिओ अकरा जणींना पाठवला, झोपली नाही बिचारी. शिवाय दर्शन चरणांपासून घेतात, आधी पाय, मग नजर वर. घरी शिकवलं नाही का?

पुणेकर मुखदर्शनवाला
काकू, पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी असते, ती काय नास्तिकांसाठी ठेवलीय? माझ्या आईचे गुडघे गेलेत, पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहणं तिला शक्य नाही. लांबून चेहरा दिसला आणि ती रडली. तिचं दर्शन अर्धवट झालं असं म्हणायचंय का तुम्हाला?

देवरुखची काकू
आईला मध्ये आणू नका. मी रीलबद्दल बोलतेय.

कीर्तनकाराचा नातू
काकूंची बाजू घेतो. 'सुंदर ते ध्यान' आठवा. तुकोबा विटेवरच्या उभ्या ध्यानापासून सुरू करतात, मग कमरेवरचे हात, तुळशीहार, पितांबर, कुंडलं, कौस्तुभ, आणि श्रीमुख अगदी शेवटच्या ओळीत. चेहरा राखून ठेवलाय. बी ओपनिंग तेच करते.

पुणेकर मुखदर्शनवाला
ध्यान म्हणजे सबंध मूर्ती समोर, पायाच्या बोटांचा क्लोजअप नव्हे. आणि कीर्तनाला मांडी घालून बसलेला माणूस अंगठ्याने बुवांना वर ढकलू शकत नव्हता. तुकोबांना स्किप रेट नव्हता राव.

कीर्तनकाराचा नातू
ढकलत नसतील, पण उठून जायचे की. आजोबांच्या कीर्तनात पूर्वरंग लांबला की मागची सतरंजी रिकामी व्हायची. त्यावर ते घंटा बडवत नव्हते, चाल बदलायचे.

पुणेकर मुखदर्शनवाला
म्हणजे ओपनिंग बदलायचे. धन्यवाद, माझाच मुद्दा.

आकडेवाली ताई
तुमचं चालू द्या. सातारकर, अ‍ॅव्हरेज वॉच टाइम किती आला? तो तुम्ही लिहिलाच नाही.

रीलवाला सातारकर
ए 7 सेकंद, बी 11. पण आपण पहिल्या तीन सेकंदांचं बोलतोय ना, तिथे ए पुढे आहे.

आकडेवाली ताई
लोक जास्त वेळ कशावर टिकतात हे बघायला ही टेस्ट केली ना? मग दारात किती आले एवढंच मोजून कसं चालेल, आत किती बसले ते बघा. फक्त 11 वर पण नाचू नका, कारण परत परत बघणाऱ्यांचा वेळही त्या सरासरीत धरला जातो, चार भक्तांनी रील लूपवर ठेवली की आकडा फुगतो. रिटेन्शनचा आलेख उघडा आणि दहाव्या सेकंदाला किती टक्के उरलेत ते सांगा.

रीलवाला सातारकर
ए 21, बी 34. ए ची रेघ चौथ्या सेकंदाला धाडकन खाली.

आकडेवाली ताई
बघा. घंटा आणि 'थांबा' म्हटल्यावर माणूस काहीतरी घडेल म्हणून थांबला, पुढे संथ अभंग लागला, तो गेला. बी मध्ये टाळ आधीपासून होता, त्यामुळे पुढचा अभंग त्याला खटकला नाही असं मला वाटतं.

रीलवाला सातारकर
वा! स्वतःला सोयीचं असलं की चारशे माणसं पुरतात का आता?

आकडेवाली ताई
फरक मोठा असला की थोडी माणसं पुरतात. पाचाला नाही पुरत, तेराला पुरतात, यात माझी सोय नाही. तरी दिवसाचा घोळ राहतोच. आषाढीचा फायदा मिळूनही ए पडली, की त्या दिवशी सगळ्यांच्या फीडमध्ये विठ्ठलच विठ्ठल असल्याने लोक कंटाळून पुढे गेले, हे या आकड्यांवरून मलाही सांगता येणार नाही.

पहाटेचा टाळकरी
म्हणजे टायमिंगच सगळं. मी तेच म्हणत होतो.

रीलवाला सातारकर
बरं बाई, दोन्हीला टाळ लावतो, अक्षरं उडवतो, एकाच संध्याकाळी टाकतो. चेहरा आधी की चरण आधी एवढाच फरक ठेवतो. खूश? पण दीड हजार व्ह्यूज ट्रायलला आणायचे कुठून, आमचं पेज तीन-चारशेवर अडकतं.

आकडेवाली ताई
एका रीलवर नाही येणार. मग वेगवेगळ्या चार-पाच रील्सना ह्याच दोन ओपनिंग लावा, एकदा ए आधी टाका, पुढच्या वेळी बी आधी, आणि सगळ्यांची बेरीज करा. प्रत्येक वेळी तीच बाजू पुढे आली तर पुढचं बोलू. नाहीतर तुमच्या मूर्तीपुरतंच ते खरं धरा.

कीर्तनकाराचा नातू
चरणच जिंकणार.

पुणेकर मुखदर्शनवाला
ए आईला पाठवली मी. तिने 'थांबा' वाचलंच नाही, चष्मा नव्हता, पूर्ण बघितली. तुमच्या आलेखात हे कुठे बसतं?

देवरुखची काकू
तिला बी पाठवा, मग बोला.